वाफेचं बिल कुणाच्या नावावर?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या दूध संघात वर्षाचे दोन चेहरे असतात. दिवाळीनंतर थंडी पडू लागते, हिरवा चारा मुबलक होतो, म्हशी नव्यानं विलेल्या असतात आणि संकलन केंद्रांवर दूध मावत नाही. हा पुष्ट काळ. पिशवीतून विकून उरलेल्या दुधाची भुकटी करावी लागते आणि पावडर प्लांट रात्रंदिवस चालतो. मार्च सरला की उलटं चक्र सुरू होतं. ऊन वाढतं, चारा आटतो, दूध कमी येतं आणि आलेलं सगळं पिशवीत आणि श्रीखंडात संपतं. या कृश काळात पावडर प्लांटला कुलूप असतं.

या दोन्ही काळांत संघाच्या आवारात एक गोष्ट मात्र धुमसत असते: बॉयलर. दूध निर्जंतुक करायला वाफ, टाक्या आणि पाइप धुवायच्या गरम पाण्याला वाफ, पनीर-खव्याला वाफ, भुकटीसाठी दूध आटवायला तर वाफच वाफ. बॉयलर हाऊस स्वतः काही विकत नाही, ते बाकीच्या विभागांना सेवा पुरवतं. त्याचा खर्च मग त्या विभागांवर वाटावा लागतो. तो कसा वाटायचा, यावर संघाच्या मासिक बैठकीत जितकी भांडणं होतात तितकी दुधाच्या फॅटवरून होत नसतील.

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून एक नमुना संघ घेऊ. आकडे मी सोपे ठरवले आहेत, पण त्यांची आपसातली प्रमाणं खऱ्या बॉयलरला सोडून नाहीत. बॉयलर ताशी १० टन वाफ देणारा. त्यावर तीन विभाग अवलंबून: पिशवीबंद दूध, उपपदार्थ आणि भुकटी. बॉयलर चालवणाऱ्या प्रमाणपत्रधारक माणसांचे तिन्ही पाळ्यांचे पगार, घसारा, विमा, बाष्पके खात्याची वार्षिक तपासणी, पाणी मृदू करणाऱ्या यंत्रणेची देखभाल हे सगळं मिळून महिन्याला १० लाख रुपये. वाफ एक टन काढा की चार हजार टन, हा खर्च हलत नाही. दुसरा खर्च जळणाचा. एक किलो ब्रिकेटमधून साधारण पाच किलो वाफ निघते. म्हणजे एक टन वाफेला २०० किलो ब्रिकेट. किलोला ७ रुपये धरले तर १,४०० रुपये. पाणी, रसायनं आणि पंखे-पंपांची वीज यांचे आणखी १०० धरले की टनाला १,५०० रुपये. हा खर्च वाफेबरोबर चढतो आणि वाफेबरोबर उतरतो.

बहुतेक ठिकाणी वाटणीची पद्धत एकच असते. महिन्याचा सगळा खर्च एकत्र करायचा, महिन्याच्या वाफेनं भागायचं, जो दर येईल तो प्रत्येकाच्या मीटरला लावायचा. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. ज्यानं जितकी वापरली त्यानं तितके भरावेत, यात कुणाला काय बोलता येणार?

डिसेंबर पाहू. पिशवी विभागानं ६०० टन वाफ घेतली, उपपदार्थांनी ४००, भुकटीनं ३,०००. एकूण ४,००० टन. खर्च १० लाख स्थिर आणि ६० लाख बदलता, म्हणजे ७० लाख. दर पडला टनाला १,७५० रुपये. पिशवी विभागाचं बिल साडेदहा लाख.

आता मे. पावडर प्लांट बंद. पिशवी विभागानं तितकीच ६०० टन घेतली, उपपदार्थांनी तितकीच ४००. एकूण १,००० टन, खर्च २५ लाख. दर टनाला २,५०० रुपये. पिशवी विभागाचं बिल १५ लाख.

पिशवी विभागात काय बदललं? काहीच नाही. वाफ तितकीच, मीटरवरचा आकडा तोच. तरी बिल साडेचार लाखांनी वाढलं, कारण शेजारचा विभाग सुट्टीवर गेला. विभागप्रमुखाला बैठकीत विचारतात, 'पाटील, मे महिन्यात तुमचा वाफेचा खर्च इतका कसा?' त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण उत्तर त्याच्या विभागात नसतंच. उन्हाळ्यात दूध आधीच महाग पडतं. त्यात हा वाढीव बोजा आला की पिशवीमागचा नफा कागदावर नाहीसा होतो आणि भाववाढीची चर्चा सुरू होते. ती चर्चा एका भागाकारातून जन्माला आलेली असते.

दुहेरी दराची पद्धत हे दोन खर्च आधी वेगळे करते आणि प्रत्येकाला त्याच्या कारणाकडे पाठवते. जळण का जळलं? कुणीतरी वाफ घेतली म्हणून. तेव्हा बदलता खर्च ज्यानं जितकी वाफ प्रत्यक्ष वापरली त्याच्या नावावर, टनाला १,५०० रुपये. पण १० टनांचा बॉयलर का घेतला? आज कुणी किती वाफ वापरली म्हणून नाही. तीन विभागांनी बॉयलर मागवताना सांगितलं होतं की आमची गरज भरात असताना ताशी इतकी लागेल. पिशवीनं अडीच टन सांगितले, उपपदार्थांनी दीड, भुकटीनं सहा. स्थिर खर्च त्या राखून ठेवलेल्या क्षमतेच्या प्रमाणात जाईल. महिन्याला १० लाख भागिले १० टन, म्हणजे राखलेल्या प्रत्येक ताशी टनाला एक लाख रुपये.

पिशवी विभागाचं बिल मग असं: क्षमतेपोटी अडीच लाख, ६०० टन वापरापोटी ९ लाख, एकूण साडेअकरा लाख. डिसेंबरमध्ये साडेअकरा, मे महिन्यातही साडेअकरा. वापर तोच, बिल तेच. उपपदार्थांचं दोन्ही महिने साडेसात लाख. भुकटीचं डिसेंबरमध्ये ५१ लाख आणि मे महिन्यात, प्लांट बंद असताना, ६ लाख.

या सहा लाखांवर भुकटी विभागाचा प्रमुख उसळतो. 'माझ्याकडे एक व्हॉल्व्हसुद्धा उघडला नाही, बिल कसलं लावता?' त्याचं म्हणणं चटकन पटण्यासारखं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. भुकटी विभाग नसता तर संघानं चार टनांचा बॉयलर घेतला असता. त्याचा घसारा, विमा, माणसं, सगळंच लहान असतं. मोठा बॉयलर आला तो थंडीतल्या त्याच्या गरजेसाठी, आणि बसवलेला बॉयलर उन्हाळ्यात आकसून लहान होत नाही. मे महिन्यातले ते सहा लाख कुणीतरी भरणारच आहे. जुन्या पद्धतीत ते पिशवी आणि उपपदार्थांनी भरले, आणि कुणाला कळलंही नाही.

मात्र त्याच्या तक्रारीतला एक भाग खरा आहे. मे महिन्याचे सहा लाख भुकटी विभागाच्या खाती पडले म्हणून मे महिन्यात भुकटीचा तोटा झाला असं म्हणणं चूक. ते वर्षभराच्या भुकटीवर पसरायला हवेत. समजा प्लांट चार महिने डिसेंबरसारखा चालतो आणि आठ महिने बंद असतो. वर्षाची वाफ १२,००० टन, क्षमतेचा आकार ७२ लाख, म्हणजे टनाला ६०० रुपये. भुकटीला वाफ खऱ्या अर्थानं २,१०० रुपये टन पडते. पिशवी विभागाला हाच हिशेब लावला तर सुमारे १,९१७ रुपये येतात, उपपदार्थांना १,८७५. ज्याचा वापर वर्षभर सारखा, त्याला वाफ स्वस्त पडते. ज्याला चार महिन्यांसाठी बाराही महिने मोठा बॉयलर उभा करून हवा असतो, त्याला महाग.

इथे हिशेबखात्यातला जाणता माणूस विचारील की महिन्याऐवजी वर्षाचा एकच दर काढला तर काय बिघडलं? चढउतार तर जातील. खरं आहे, जातील. वर्षाचा खर्च १ कोटी २० लाख स्थिर, वाफ २४,००० टन. स्थिर खर्च टनाला ५०० रुपये, एकूण दर २,०००. मे महिन्याचा धक्का नाहीसा झाला. पण भुकटीला टनामागे १०० रुपये कमी लागले आणि १२,००० टनांवर ते १२ लाख होतात, जे बाकीच्या दोघांनी भरले. त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. २,००० हा आकडा कुणाच्याही निर्णयाला उपयोगाचा नाही, आणि निर्णय मात्र लोक त्याच्यावरूनच घेतात.

तो घोटाळा कसा होतो ते मासिक दराच्या उदाहरणावरून नीट दिसतं, कारण तिथे तो मोठा होऊन समोर येतो. मे महिन्यात उपपदार्थ विभागाला वाफ २,५०० रुपये टनानं लागते आहे. भाड्यानं छोटा बॉयलर देणारा एक जण येतो आणि म्हणतो, सगळं मिळून २,००० रुपये टनानं देतो. विभागप्रमुख हिशोब करतो: टनामागे ५०० वाचले, ४०० टनांवर दोन लाख. तो आपल्या परीनं बरोबर आहे. पण संघाच्या खिशात पाहा. आपल्या बॉयलरमध्ये ४०० टन कमी काढल्यानं जळणाचे ६ लाख वाचतील, कारण पगार, विमा, घसारा यांतला एक रुपयाही कमी होणार नाही. बाहेर जातील ८ लाख. विभागानं दोन लाख वाचवले आणि संघानं दोन लाख घालवले.

गोष्ट इथेच थांबत नाही. उपपदार्थ बाहेर पडल्यावर मे महिन्याचा सगळा १० लाख स्थिर खर्च पिशवी विभागाच्या ६०० टनांवर येतो आणि दर ३,१६७ रुपये होतो. आता पिशवी विभागालाही भाड्याचा बॉयलर स्वस्त वाटू लागतो. अशा रीतीनं चांगला धडधाकट बॉयलर एकेक गिऱ्हाईक गमावत जातो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जाण्यानं उरलेल्यांना जाण्याचं कारण वाढत जातं. संगणक विभाग, वाहन विभाग, दुरुस्तीचं वर्कशॉप यांची अनेक कंपन्यांत अशीच वाताहत होते आणि शेवटी 'आपलं वर्कशॉप परवडत नाही' असा निष्कर्ष निघतो.

दुहेरी दरात उपपदार्थांच्या प्रमुखासमोर काय असतं? दीड लाख क्षमतेचे, ते तो वाफ घेवो न घेवो, द्यावेच लागणार. त्यामुळे तुलना उरते १,५०० आणि २,००० यांची. तो भाड्याच्या बॉयलरवाल्याला चहा पाजून परत पाठवतो. त्याच्या फायद्याचा आणि संघाच्या फायद्याचा निर्णय एकच झाला. माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल न्याय्य वाटणीपेक्षा इथेच जास्त आहे.

ही कल्पना विजेच्या धंद्यातून वर आली. १८९२ साली इंग्लंडमधले अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी वीजपुरवठ्याच्या खर्चावर भाषण देताना हेच मांडलं: वीज कंपनीचा बराचसा खर्च ग्राहकाला हवी तेव्हा वीज देण्याच्या तयारीचा असतो आणि थोडा भाग प्रत्यक्ष दिलेल्या विजेचा, तेव्हा आकारणीही दोन भागांत व्हावी. आज महावितरणचं कारखान्याचं बिल उघडलं की मागणी आकार आणि वीज आकार अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात, त्या याच विचाराच्या. एकाच दराकडे पाहिल्यावर काय दिसतं, हे महाराष्ट्रानं दाभोळच्या वेळी पाहिलं आहे. करारानुसार क्षमतेचा आकार वीज घेतली नाही तरी द्यायचा होता. राज्य वीज मंडळ कमी वीज घेऊ लागलं तसा तो आकार कमी युनिटांवर भागला जाऊ लागला आणि युनिटचा दर काही महिन्यांत सात रुपयांच्याही पुढे गेला. दर चढला म्हणून आणखी कमी घ्यायची, आणखी कमी घेतली म्हणून दर आणखी चढायचा. २००१ च्या मे महिन्यात मंडळानं ती वीज घेणं थांबवलं. करार महागडा होता की नव्हता हा वाद वेगळा. पण वर्तमानपत्रांत गाजलेल्या प्रतियुनिट आकड्यात स्थिर खर्च किती आणि जळण किती, हे वाचणाऱ्याला वेगळं दिसतच नव्हतं.

संघात ही पद्धत आणायची म्हटलं की पहिलं काम खर्च फोडण्याचं. कागदावर हे सोपं दिसतं. एक जास्त वापराचा महिना घ्या, एक कमी वापराचा. डिसेंबरचा खर्च ७० लाख, मेचा २५ लाख, फरक ४५ लाख. वाफेतला फरक ३,००० टन. भागाकार १,५००. हा झाला टनाचा बदलता खर्च. तो मेच्या १,००० टनांना लावून १५ लाख वजा केले की १० लाख स्थिर खर्च उरतो.

पण दूध संघात ही रीत हमखास फसते, आणि फसण्याचं कारण पुन्हा ऋतूतच आहे. बॉयलरची वार्षिक साफसफाई, नळ्या घासणं, विटकाम, तपासणीची तयारी हे सगळं उन्हाळ्यातच होतं, कारण तेव्हाच बॉयलर थंड करायला उसंत मिळते. समजा या कामाचे ३ लाख मे महिन्यात जादा पडले. मेचा खर्च २८ लाख झाला, फरक ४२ लाखांवर आला, बदलता खर्च निघाला १,४०० आणि स्थिर १४ लाख. दोन्ही आकडे खोटे. म्हणून दोन महिन्यांवर न विसंबता बारा महिन्यांची वाफ आणि खर्च एका आलेखावर मांडावेत. बहुतेक टिंब एका रेषेजवळ पडतात. जो महिना रेषेपासून लांब पडेल त्याच्या व्हाउचरांत शिरावं. आणखी एक गोष्ट व्हाउचरांत सापडत नाही, बॉयलरसमोर उभं राहिलं तर दिसते. कृश काळात रात्री वाफेला मागणी नसते, पण सकाळी लवकर लागणार म्हणून आग दाबून ठेवलेली असते. त्या आगीत जळणारं ब्रिकेट खरेदी खात्यात जळणच आहे, पण ते कुणाच्याही वापरामुळे जळत नाही. बॉयलर तयार ठेवण्यासाठी ते जळतं, त्यामुळे त्याची जागा स्थिर खर्चात.

दुसरं काम जास्त अवघड आहे, कारण ते माणसांशी आहे. क्षमतेवर पैसे लागणार म्हटलं की प्रत्येक विभागाची गरज अचानक कमी होते. सहा टन सांगणारा भुकटी विभाग म्हणतो, आमचं चारात भागेल. दोन टनांचे महिन्याला दोन लाख वाचले, आणि जानेवारीत दूध वाढलं की तो सहा टन ओढणारच, कारण पाइपलाइन तीच आहे आणि दूध नासू देता येत नाही. त्याच्या ओढण्यानं वाफेचा दाब उतरतो आणि निर्जंतुकीकरणाचं तापमान गाठताना पिशवी विभागाची दमछाक होते.

यावर वीज कंपन्यांनी शोधलेला उपायच कामी येतो. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकाची मागणी करारातल्या आकड्यापलीकडे गेली तर जादा मागणीला दीडपट आकार लागतो. संघातही प्रत्येक विभागाच्या वाफेच्या वाटेवर मीटर असावा आणि त्यावर फक्त महिन्याचे टन न पाहता ताशी सर्वाधिक किती ओढली तेही नोंदलं जावं. चार टन सांगून सहा ओढणाऱ्याला दोन जादा टनांचा दीडपट आकार, म्हणजे तीन लाख लागले, की पुढच्या वर्षी तो खरा आकडा सांगतो. मीटर नसतील तर ही पद्धत सुरू करू नये असं मला ठामपणे वाटतं. अंदाजानं वाटलेल्या वाफेवर दोन दर लावले तर एका अंदाजाचे दोन अंदाज होतात, बाकी काही नाही.

उलट अडचणही येते. सगळ्यांनी प्रामाणिकपणे गरज सांगितली आणि बेरीज आठच टन झाली तर? उरलेल्या दोन टनांचे दोन लाख त्या आठ टनांवर पसरवण्याचा मोह होतो. तसं केलं की दर सव्वा लाख होतो. ते करू नये. ती क्षमता कुठल्याच विभागानं मागितलेली नाही. ती व्यवस्थापनानं भविष्यासाठी किंवा चुकीच्या अंदाजानं घेतलेली आहे. ते दोन लाख 'न वापरलेली क्षमता' या नावानं वेगळ्या ओळीत, संचालक मंडळासमोर दिसले पाहिजेत. विभागांच्या बिलांत ते विरघळले की ती क्षमता विकायची, भाड्यानं द्यायची की नव्या पदार्थासाठी वापरायची, हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

आता बॉयलर हाऊसकडे वळू, कारण आतापर्यंत आपण फक्त गिऱ्हाइकांकडे पाहिलं. वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेला १,५०० रुपयांचा दर वर्षभर तोच ठेवावा. प्रत्यक्षात डिसेंबरमध्ये टनाला १,६५० रुपये खर्च झाला, तरी विभागांना १,५०० नंच बिल जावं. चार हजार टनांवरचे ६ लाख बॉयलर हाऊसच्या खाती उघडे पडतात, आणि ते तसे पडायलाच हवेत. प्रत्यक्ष दर लावला असता तर ते सहा लाख शांतपणे तिन्ही विभागांत वाटले गेले असते आणि बॉयलर नीट चालतोय की नाही हे कुणी पाहिलं नसतं.

उघड्या पडलेल्या त्या सहा लाखांचं मग पोस्टमॉर्टेम करता येतं. ब्रिकेटचा भाव वाढला असेल तर तो भाग खरेदी खात्याचा. बॉयलरवाल्याला त्यासाठी धारेवर धरणं अन्याय आहे. भाव तोच असून टनामागे २०० किलोंऐवजी २२० किलो जळत असेल, तर कारण बॉयलर हाऊसच्या आसपास सापडतं. ब्रिकेट पावसात भिजलं असेल. ओल्या ब्रिकेटची निम्मी धग त्यातलं पाणी उडवण्यातच जाते असं फायरमन म्हणतात, ते प्रमाण अतिशयोक्तीचं असलं तरी दिशा बरोबर आहे. नळ्यांना आतून क्षार चढले असतील किंवा बाहेरून काजळी. ते ओळखण्याची सोपी खूण म्हणजे चिमणीकडे जाणाऱ्या धुराचं तापमान. नळ्या साफ असताना जे असतं त्यापेक्षा ते आठवड्यामागून आठवडा चढत गेलं, तर उष्णता पाण्यात न जाता आकाशात चालली आहे.

तिसरं कारण मात्र बॉयलर हाऊसचं नसतंच. विभागांतून परत येणारं गरम पाणी, ज्याला कंडेन्सेट म्हणतात, ते परत न पाठवता गटारात सोडलं जातं. बॉयलरला मग थंड पाण्यापासून सुरुवात करावी लागते आणि जळण वाढतं. इथे दुहेरी दर अपुरा पडतो, कारण दोन्ही दरांत कंडेन्सेट परत करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला भाव एकच. परत आलेल्या पाण्याचंही मोजमाप करून टनामागे थोडी सूट दिली तर ही उणीव भरून निघते.

उणिवा आणखीही आहेत. स्थिर खर्च क्षमतेवर वाटताना आपण मानतो की तिघांची भरातली गरज एकाच वेळी येते. प्रत्यक्षात पिशव्यांचं काम संध्याकाळ ते पहाट जोरात असतं, श्रीखंड-पनीरचं दिवसा. तिघांच्या सर्वाधिक गरजांची बेरीज १० टन असली तरी बॉयलरवर एका वेळी येणारा भार त्याहून कमी असू शकतो. मग एखाद्या विभागाची गरज बॉयलरच्या गर्दीच्या तासाला येते की निवांत तासाला, यावर त्याचा वाटा ठरायला हवा. मोठ्या कारखान्यांत हे करावं. तीन विभागांच्या संघात त्या बारकाव्याचा हिशेब ठेवण्याचा खर्च आणि त्यावरची भांडणं फायद्याहून जास्त होतील.

दुसरा धोका म्हणजे १,५०० हा आकडा जिथे लागू नाही तिथे वापरणं. २०१८ च्या जुलैत महाराष्ट्रात दूधदरासाठी आंदोलन पेटलं तेव्हा भुकटीचे साठे पडून होते आणि तिचा भाव कोसळला होता. अशा हंगामात आलेल्या जादा दुधाची भुकटी करायची की नाही, हे ठरवताना वाफ १,५०० रुपयांनी धरणं योग्य, कारण बॉयलर उभा आहेच आणि न केलं तर दूध नासेल. पण पुढची दहा वर्षं भुकटीच्या धंद्यात राहायचं का, प्लांट वाढवायचा का, हे ठरवताना १,५०० धरणं म्हणजे स्वतःला फसवणं. तिथे २,१०० धरायला हवेत, कारण दहा वर्षांत बॉयलरही बदलावा लागेल आणि तो भुकटीसाठी मोठा घ्यायचा की लहान, हे तेव्हाच ठरेल. दुहेरी दर दोन्ही आकडे वेगळे ठेवतो, पण कुठल्या प्रश्नाला कुठला लावायचा हे पाहणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

क्षमतेची वाटणी एकदा ठरवून कायमची ठेवता येत नाही. दर महिन्याला बदलली तर ती पुन्हा वापरासारखीच हलू लागेल आणि मूळ हेतू जाईल; म्हणून वर्षातून एकदा, अंदाजपत्रकाच्या वेळी, ती उघडावी. समजा उपपदार्थ विभागाला पनीरची नवी ओळ टाकायची आहे आणि ताशी एक टन वाफ जास्त हवी. बॉयलर पूर्ण बांधलेला आहे. भुकटी विभागानं दरम्यान दूध आटवणाऱ्या यंत्रात सुधारणा करून आपली गरज सहावरून पाचावर आणली असेल, तर तो एक टन हस्तांतरित होतो: भुकटीचं महिन्याचं क्षमतेचं बिल एक लाखानं उतरतं, उपपदार्थांचं एक लाखानं चढतं, आणि संघाला नवा बॉयलर घ्यावा लागत नाही. एकाच दराच्या पद्धतीत भुकटी विभागाला ती सुधारणा केल्याबद्दल फक्त वाचलेल्या वाफेचा दर मिळाला असता. मोकळ्या केलेल्या एका टनाची किंमत त्याच्या हिशेबात कुठेच आली नसती.